कलम ९.२ मध्ये मी एकच अक्षर का बदललं

"आमच्या सेवा कराराचा दोन्ही बाजूंनी मान्य केलेला मसुदा तुमच्याकडे प्रूफ वाचायला दिला आहे. आम्ही त्यात सेवादार आहोत. वाचता वाचता कलम ९.२ ची भाषाही बदलून द्या. '१५ दिवसांच्या आत त्रुटी दूर करील' हे फार कडक वाटतं, त्याऐवजी 'वाजवी वेळेत त्रुटी दूर करण्याचा प्रयत्न करील' असं हवं. शिवाय कुठे 'सूचना' आणि कुठे 'नोटीस' लिहिलंय, ते सगळीकडे एकसारखं करा. चार शब्दांसाठी पुन्हा वकिलांकडे कशाला जायचं? तुम्ही शब्दच तर तपासता."

नमस्कार. मसुदा वाचून झाला आहे आणि तपासलेली फाइल या उत्तरासोबत जोडली आहे. कलम ९.२ मध्ये मी एकच बदल केला: 'दुर करील' होतं, ते 'दूर करील' केलं. बाकीचं कलम होतं तसं ठेवलं. तुम्ही मागितलेला बदल टाइप करायला अर्धं मिनिट लागलं असतं. पण तो माझ्या हातून होणं तुमच्याच अडचणीचं ठरलं असतं. ते का, हे तुमचाच मसुदा समोर ठेवून सांगते.

मी 'शब्द तपासते' हे खरं, पण शब्द कशाशी ताडून तपासायचे हा यातला मुख्य प्रश्न आहे. प्रूफ माझ्याकडे येतं तेव्हा काय म्हणायचं ते ठरलेलं असतं. कोणीतरी मसुदा लिहिलेला असतो, दोन्ही बाजूंनी तो वाचलेला असतो किंवा निदान वाचणार असतात. टाइप करताना, पानं लावताना, एका फाइलमधून दुसरीकडे मजकूर नेताना त्या ठरलेल्या मजकुरात ज्या चुका शिरल्या, त्या काढून मजकूर परत त्याच्या जागी आणणं म्हणजे मुद्रितशोधन. म्हणून मला प्रत्येक दुरुस्तीला आधार लागतो. तो कधी शुद्धलेखनाच्या नियमात मिळतो, कधी मूळ प्रतीत, तर कधी त्याच दस्तऐवजातल्या दुसऱ्या एखाद्या वाक्यात. 'दूर' मधला दू दीर्घ आहे, याला आधार आहे. '१५ दिवस' ऐवजी 'वाजवी वेळ' याला तुमच्या इच्छेखेरीज कुठेच आधार नाही. करारात दोन बाजू असतात, त्यामुळे एका बाजूची इच्छा मला पुरत नाही.

त्याहून मोठं कारण असं की 'प्रूफ तपासून झालं' हे वाक्य समोरच्या बाजूला दिलेला एक शब्द असतो. तुम्ही ही प्रत सेवाग्राहकाकडे पाठवाल तेव्हा त्यांचा माणूस काय समजेल? ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं आणि सुटलेली अक्षरं दुरुस्त झाली असतील, अर्थ तोच आहे, असंच तो समजणार. म्हणून तो प्रत पुन्हा अर्थासाठी वाचणार नाही. तुमच्या फाइलमध्ये माझ्या शंभराहून अधिक दुरुस्त्या आहेत. ट्रॅक चेंजेस चालू असले तरी इतक्या रंगीत खुणांमध्ये 'दूर करील'च्या पुढे आलेलं 'दूर करण्याचा प्रयत्न करील' नजरेतून सहज निसटेल. पुढे कधी वाद झाला आणि हा बदल मुद्रितशोधनाच्या फेरीत घुसला होता हे बाहेर आलं, तर तुम्ही तो लपवून केला असा अर्थ लावला जाईल. तुमच्या मनात तसं काही नसलं तरी कागद तेच सांगेल.

आता ९.२ कडे वळू. मसुद्यातलं वाक्य असं आहे: "सेवाग्राहकाकडून लेखी सूचना मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सेवादार त्रुटी दूर करील, तसे न केल्यास सेवाग्राहकास हा करार समाप्त करता येईल." तुम्ही सुचवलेले शब्द घातले की पहिला भाग मऊ होतो, तेवढंच तुम्हाला हवं होतं. पण स्वल्पविरामानंतरचं 'तसे न केल्यास' पाहा. हे 'तसे' म्हणजे कसे? आज ते 'त्रुटी दूर करणे' याकडे बोट दाखवतं. तुमच्या शब्दांनंतर ते 'प्रयत्न करणे' याकडे दाखवू लागेल. म्हणजे त्रुटी महिनोन्‌महिने तशीच राहिली तरी तुमचा माणूस रोज येऊन खटपट करत असेल, तर सेवाग्राहकाला करार संपवता येणार नाही. त्यांचा एक मोठा हक्क नाहीसा झाला आणि त्या अर्ध्या वाक्याला तर कोणी हातही लावला नव्हता. मराठीत 'तसे', 'त्याप्रमाणे', 'वरीलप्रमाणे', 'सदर' असे शब्द मागच्या मजकुराला घट्ट बांधलेले असतात. मागचं हललं की पुढचं आपोआप हलतं.

दुसरा धागा कलम १३.१ मध्ये आहे. तिथे विलंब आकार 'कलम ९.२ मधील मुदत संपल्यानंतरच्या प्रत्येक दिवसासाठी' लागू होतो. १५ दिवस काढून 'वाजवी वेळ' आली की मुदत नेमकी कोणत्या दिवशी संपली हे कसं मोजणार? ते म्हणतील आठवा दिवस, तुम्ही म्हणाल चाळिसावा. कडक वाटणाऱ्या आकड्यामुळे तुम्हाला निदान एवढं माहीत होतं की पंधराव्या दिवसापर्यंत तुम्हाला दंड नाही. 'वाजवी' या शब्दानं ती खात्रीही जाते. हा बदल तुमच्या फायद्याचा आहे की तोट्याचा, हे तुमचा व्यवसाय आणि कायदा दोन्ही जाणणाऱ्यानं सांगायचं. मी फक्त वाक्य कुठे कुठे धक्का देतं ते दाखवते आहे.

तिसरी गोष्ट कदाचित तुमच्या नजरेतून सुटली असेल. कलम ११.४ म्हणतं की 'कलम ९.२ मधील मुदत उभय पक्षांच्या लेखी संमतीने एकदा वाढवता येईल'. म्हणजे तुम्हाला टोचणाऱ्या कडकपणावर मसुदा लिहिणाऱ्यानं आधीच थोडा विचार केलेला आहे. तो तुम्हाला अपुरा वाटत असेल तर बोलणी ११.४ वर करायची की ९.२ वर, हा वकिलांना विचारण्यासारखा खरा प्रश्न आहे. ९.२ मधला आकडा मी काढला असता, तर ११.४ कोणती मुदत वाढवणार होतं?

'सूचना' आणि 'नोटीस' यांची मागणी वरवर पाहता अगदी माझ्या कामातली वाटते. एकाच गोष्टीला दोन शब्द असतील तर एक करणं हे आम्ही रोजच करतो. पण करारात आधी विचारावं लागतं, ती गोष्ट खरोखर एकच आहे का? तुमच्या कलम १६.१ मध्ये 'नोटीस' या शब्दाला ठरावीक अर्थ दिला आहे: नोंदणीकृत पत्त्यावर, नोंदणीकृत टपालानं पाठवलेलं पत्र. ९.२ मध्ये शब्द 'लेखी सूचना' आहे आणि त्याला तशी कुठलीच अट नाही. आज सेवाग्राहकानं साधा ईमेल केला तरी तुमचे १५ दिवस सुरू होतात, असं हे कलम वाचता येतं. मी 'सूचना' पुसून 'नोटीस' केलं असतं, तर टपाल पोहोचेपर्यंत घड्याळ सुरूच झालं नसतं. एका शब्दाच्या 'एकसारखेपणा'मुळे मुदतीची सुरुवात कित्येक दिवस पुढे गेली असती.

कथा-लेखांत तोच शब्द पुन्हा पुन्हा आला की कान किटतात, म्हणून आपण पर्याय शोधतो. करारात उलट वाचावं लागतं. तिथे तोच शब्द म्हणजे तीच गोष्ट आणि वेगळा शब्द म्हणजे बहुधा वेगळी गोष्ट. मसुदाकारानं दोन शब्द मुद्दाम वापरले की निष्काळजीपणानं, हे मजकुरावरून मला कळत नाही. म्हणून मी समासात टीप लिहिली आहे: "१६.१ मध्ये 'नोटीस' व्याख्यित आहे, ९.२, ९.३ व १२.२ मध्ये 'लेखी सूचना' आहे. हा भेद हेतुपुरस्सर आहे का?" उत्तर 'नाही' असं लेखी आलं, तर पुढच्या फेरीत मी सगळीकडे एक शब्द करीन. तेव्हा ते मुद्रितशोधनच असेल, कारण आधार मिळालेला असेल.

सीमा कुठे आहे ते शब्दांच्या संख्येवरून ठरत नाही. कधी कधी एका टिंबातही ती ओलांडली जाते. तुमच्या ९.४ मध्ये वाक्य आहे: "सेवाग्राहकाचे समाधान न झाल्यास सेवादार पुनर्तपासणी करील व ती त्यांच्या खर्चाने होईल." मसुद्यात इतर सगळीकडे सेवादाराचा उल्लेख एकवचनी आहे, 'तो', 'त्याचा'. सेवाग्राहकाचा आदरार्थी बहुवचनी, 'ते', 'त्यांचा'. त्या हिशेबानं 'त्यांच्या खर्चाने' म्हणजे सेवाग्राहकाच्या खर्चानं. पण अनुस्वार चुकून पडला असेल, तर 'त्याच्या' म्हणजे तुमच्या. एक टिंब काढलं की खर्च एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. दोन्ही अर्थ शक्य आहेत. कामात चूक नसतानाही वारंवार तपासणी मागितली जाऊ नये म्हणून खर्च सेवाग्राहकावर ठेवणं हा विचार अशक्य नाही. तसंच सेवादाराच्या कामावर असमाधान आहे म्हणून खर्च सेवादाराचा, हेही नेहमीचंच. आहे ते वाचन तुमच्या बाजूचं आहे आणि पैसे तुम्ही मला देणार आहात, तरीही मी तिथे प्रश्न लिहिला आहे. दोन अर्थ संभवतात आणि निवड माझी नाही, अशा वेळी गप्प राहणं हेही एका बाजूचं काम करण्यासारखंच आहे.

सही करण्याआधी अशा जागा विचारून घेणं किती गरजेचं आहे, यासाठी कॅनडातलं एक प्रकरण मी नेहमी सांगते. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अलायंट ही दूरध्वनी कंपनी यांच्यात खांबांवरून केबल नेण्याचा करार होता. मुदतीच्या वाक्याचा आशय असा: करार पाच वर्षं चालू राहील, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, एक वर्षाच्या लेखी नोटिशीनं संपवला नाही तर. प्रश्न दुसऱ्या स्वल्पविरामाचा होता. रॉजर्स म्हणे, नोटिशीची सोय पहिली पाच वर्षं झाल्यावरची. अलायंट म्हणे, त्या स्वल्पविरामामुळे नोटिशीची सोय संपूर्ण वाक्याला लागते, म्हणून पहिल्या पाच वर्षांतही करार संपवता येतो. दूरसंचार नियामक आयोगानं २००६ साली स्वल्पविरामाच्या नियमावर बोट ठेवून अलायंटची बाजू मान्य केली. रॉजर्सनं मग त्याच करारनमुन्याची फ्रेंच प्रत पुढे केली. तिच्यात अशी संदिग्धता नव्हती. तिच्या आधारे २००७ साली निर्णय फिरला. असा मसुदा माझ्यासारख्या कोणाच्या टेबलावर आला असता, तर स्वल्पविराम काढणं किंवा ठेवणं हे तिचं काम नव्हतं. 'नोटिशीची तरतूद पहिल्या पाच वर्षांनाही लागू आहे का?' एवढा प्रश्न समासात लिहिणं मात्र नक्कीच तिचं काम होतं.

हे मला सुरुवातीपासून उमगलं होतं असं नाही. कामाच्या पहिल्या काही वर्षांत एका देखभाल कराराचं प्रूफ माझ्याकडे आलं. त्यात 'प्रवास व निवासाचा प्रत्यक्ष खर्च' असं होतं. मला 'प्रत्यक्ष' हा शब्द पाल्हाळ वाटला. खर्च म्हणजे खर्चच, असा विचार करून मी तो काढला. त्या शब्दाचं काम एवढंच होतं की पावत्या दाखवाव्या लागतील, ठोक दरानं आकारणी चालणार नाही. सहीच्या आधी दुसऱ्या बाजूच्या वकिलांच्या ते लक्षात आलं. त्यांनी विचारलं, हा शब्द कोणी काढला आणि असे आणखी किती काढलेत? त्यानंतर आख्खा दस्तऐवज मूळ प्रतीशी अक्षर अक्षर ताडून दोनदा वाचावा लागला, सही लांबली, आणि ज्यांनी मला विश्वासानं काम दिलं होतं त्यांना न केलेल्या गोष्टीचा खुलासा करावा लागला. त्या दिवसापासून करारात एखादा शब्द मला अनावश्यक वाटला, तर मी आधी असं धरते की तो कोणासाठी तरी आवश्यक आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक जागी स्वतःला एक प्रश्न विचारते: ही दुरुस्ती केल्यावर कोणाला काही द्यावं लागणं, करावं लागणं, किंवा कधी करावं लागणं, यात फरक पडतो का? पडत नसेल, तर मी दुरुस्त करते. 'करेल'चं 'करील' केलं तर कोणाची जबाबदारी बदलत नाही, दोन्ही रूपं तेच सांगतात. 'करील'चं 'करू शकेल' केलं तर बंधनाची मुभा झाली. फरक पडेल की नाही याची खात्री नसेल, तर मी दोन्ही वाचनं लिहून विचारते. फरक पडतो हे स्पष्टच असेल, तर तो मसुदा लिहिणं झालं आणि ते काम मसुदाकाराचं.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं तेही सांगायला हवं, कारण माझं 'नाही' हे सगळीकडे सारखं नाही. हा मसुदा अजून फक्त तुमच्याच टेबलावर असता, समोरच्यांना दाखवलेला नसता, तर तुम्ही आणि तुमचे वकील त्यात हवं ते बदलू शकला असता. त्या टप्प्यावर भाषा-संपादन नावाचं वेगळं काम असतं आणि ते मीही करते. लांब वाक्यं तोडणं, 'सदरहू'सारखे जड शब्द सोपे करणं, हे सगळं. पण तेव्हा मसुदाकार सोबत असतो आणि माझं प्रत्येक वाक्य तो तपासतो. तुमच्या पत्रावरून मला दिसतं की ही प्रत दोन्ही बाजूंनी मान्य केलेली आहे, म्हणून तो टप्पा मागे गेला. सह्या झाल्या असत्या तर मूळ कागदाला हात लावायचा प्रश्नच नव्हता. मग दोन्ही बाजूंनी सही केलेला पुरवणी करार लागला असता. आणि हा मजकूर दुसऱ्या भाषेतल्या प्रतीचं भाषांतर असेल, तर कोणती प्रत ग्राह्य हे आधी पाहावं लागेल. दुसरी ग्राह्य असेल, तर फक्त मराठी बदलून तुम्हाला काही मिळणार नाही, उलट दोन प्रतींत फारकत होईल. तुमच्या मसुद्यात असं कलम मला दिसलं नाही, पण तशी दुसरी प्रत असल्यास मला कळवा. मग तीही समोर ठेवून वाचावं लागेल.

पुढचा रस्ता लांब नाही. ज्यांनी मसुदा लिहिला त्यांना ९.२ बद्दल कळवा, पण 'वाजवी वेळेत प्रयत्न करील' हे तयार शब्द देण्याऐवजी अडचण सांगा: कोणत्या प्रकारची त्रुटी १५ दिवसांत दूर होणं तुम्हाला जमत नाही, किती दिवस लागतात, अडतं कुठे. सुटा भाग मागवावा लागतो म्हणून उशीर होतो, की जागेवर प्रवेश मिळत नाही म्हणून, यानुसार कलमाची वेगवेगळी रचना निघू शकते. सोबत ११.४, १३.१ आणि १६.१ यांचे क्रमांक द्या. सेवाग्राहकानं बदल मान्य केला की मसुदाकार नवी प्रत काढतील. तिच्यावर नवी तारीख आणि आवृत्ती क्रमांक असू द्या. ती माझ्याकडे आली की मी जुन्या प्रतीशी ताडून पाहीन आणि बदललेलं कलम जिथे जिथे उल्लेखलं आहे, त्या सगळ्या जागा पुन्हा वाचीन. त्यात 'कलम ९.२ मधील मुदत' असा उल्लेख उरला आणि ९.२ मध्ये मुदतच नसली, तर ते पकडणं माझी जबाबदारी.

फाइलसोबत प्रश्नांचं एक वेगळं पान आहे. त्यात कलम क्रमांक, आहे तो मजकूर आणि माझा प्रश्न, एवढंच आहे. काय लिहावं हे मी कुठेही सुचवलेलं नाही. ९.३ हा क्रमांक दोनदा आला आहे, तोही मी तसाच ठेवून विचारलाय, कारण पुढचे क्रमांक सरकवले तर बाकीच्या कलमांतले संदर्भ चुकतील.

सगळ्यात आधी उत्तर हवं आहे ते ७.१ चं. तिथे तुमचं देयक मिळण्याची मुदत '४५ (तीस) दिवस' अशी छापली आहे. आकडा आणि अक्षर जुळत नसेल तर अक्षरी मजकूर ग्राह्य धरण्याचा प्रघात आहे, पण तो वाद झाल्यावर निवाडा करणाऱ्यांसाठी आहे. त्यावर विसंबून मी एक खोडून दुसरं ठेवणार नाही. दोन्ही बाजूंकडून एक ओळ लेखी येऊ द्या, ३० की ४५. ती आली की त्याच दिवशी मी ७.१ दुरुस्त करून पाठवते.